तिसरी हाक

दोन वर्षांपूर्वी बासी ईदच्या दुपारी मी खालाच्या घरी माझी एक कथा वाचून दाखवली. शीरखुर्म्याची दुसरी खेप चालू होती, मामेबहिणी, मावसबहिणी, त्यांची मुलं असा दहा-बारा जणांचा गोतावळा होता. कथा माझ्या खालूंवर, म्हणजे खालाच्या मरहूम नवऱ्यावर होती. एका दिवाळी अंकाला पाठवण्याआधी घरच्यांच्या कानावर घालावी, एवढाच हेतू.

पहिल्या चार पानांना सगळे हसले. कुणी कुणी तर वाट्या खाली ठेवून हसले. पाचव्या पानावर मी खालूंच्या मुलाच्या मौतीवर आले आणि खोली गप्प झाली. मला वाटलं, कथा पोहोचली. वाचून झालं, दोघीतिघींनी पदराने डोळे टिपले. खाला मात्र पलंगावर बसून पान लावत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “पहले जिस पे हँसाई, वो तो मेरा आदमी था. बाद में जिस पे रुलाई, वो कौन था गे?”

मी बावीस वर्षं मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड.ला कथेच्या पाठाचं टाचण काढताना ‘कलाटणी’ या शब्दाखाली दोन ओळी मारायची सवय लागली, ती अजून आहे. पण विनोदी कथा मध्येच गंभीर होते तेव्हा नेमकं काय मोडतं, हे मला त्या एका वाक्याने कळलं. माझ्या कथेत हसवणारा खालू आणि रडवणारा खालू हे एक माणूस नव्हते. चौथ्या पानावर एकाला उतरवून पाचव्यावर दुसऱ्याला चढवलं होतं.

खालू कोण होते ते आधी सांगते.

त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अकरा महिने ते पंक्चर काढायचे आणि रमजानचा महिना मोहल्ल्याला सहरीसाठी उठवत फिरायचे. पैसे घेत नसत. गळ्यात तेलाचा रिकामा डबा, हातात लाकडी पट्टी, रात्री तीनच्या सुमाराला निघायचे. मोबाइल यायच्या आधीचे दिवस ते. प्रत्येक दाराला त्यांची वेगळी हाक असे. टेलरमास्तरांच्या दारात, “उठो मास्टर, ईद का जोडा बाकी है!” प्राथमिक शाळेच्या गुरुजींच्या दारात नुसतं, “घंटी हो गई!” निवृत्त हवालदारांच्या खिडकीखाली ते घाबऱ्या आवाजात ओरडायचे, “हवालदारसाहब, चोरी हो गई!” आतून झोपाळू आवाज यायचा, “कहाँ?” की खालू म्हणायचे, “आपकी नींद की.” हवालदार दर वर्षी फसायचे. मला वाटतं ते मुद्दाम फसायचे. कोपऱ्यावर एसटीचे एक कंडक्टर राहत. त्यांचा रमजानशी संबंध नव्हता, पण पहिल्या गाडीची ड्यूटी असली की आदल्या संध्याकाळी ते खालूंना सांगून ठेवत. त्यांच्या दारात खालू डबा वाजवत नसत, दोनदा घंटीची दोरी ओढल्यासारखं तोंडाने ‘टिंग टिंग’ करत. ज्या घरात नवं लग्न झालेलं असे, तिथे ते रस्त्याच्या पलीकडून नुसते खाकरत.

शेवटचं दार त्यांचं स्वतःचं. थोरला मुलगा झोपाळू, घरात त्याला सगळे ‘नवाब’ म्हणत. त्याला तीन हाका लागत. पहिली डब्यासकट. दुसरी डब्याशिवाय, लखनवी अदबीने, “नवाबसाहब, तशरीफ लाइए.” तिसरी नुसती “ए नवाब” अशी, आणि त्यावर आतून उत्तर यायचं, “उठ गया अब्बा, डब्बा रखो अब.” मग डबा ओट्यावर ठेवल्याचा आवाज. आमचं घर समोरच होतं. मोहल्ल्याची सहरी खरं म्हणजे त्या आवाजाने सुरू व्हायची.

नवाब पुढे सौदीला कामाला गेला आणि तिथेच एका अपघातात गेला. दफनही तिथेच झाला. त्यानंतरच्या रमजानमध्येही खालू डबा घेऊन निघाले होते.

एवढा माल हाताशी असताना मी काय केलं होतं? चार पानं दारोदारच्या गमती. मग तीन फुल्या. मग एक परिच्छेद, जो आज वाचवत नाही. त्यात ‘नियतीच्या मनात काही वेगळेच होते’ असं होतं, ‘काळाचा घाला’ होता, ‘अश्रूंचा बांध’ फुटला होता. म्हणजे हसताना माझे लोक आमच्या दखनीत बोलत होते, निवेदन घरगुती मराठीत होतं, आणि मौत येताच सगळं मराठी एकदम वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीचं झालं. वाचणाऱ्याला झटका बसतो तो बहुतेक इथे. प्रसंग बदलल्याचा झटका लहान असतो, कारण आयुष्यात प्रसंग बदलतच असतात. सांगणाऱ्याचा आवाज बदलला की मात्र ऐकणारा बिचकतो, कारण इतका वेळ आपल्याशी बोलणारं माणूस उठून गेलं आणि त्याच्या खुर्चीवर कुणी अनोळखी येऊन बसलं, असं त्याला वाटतं.

आम्हा दोन भाषांच्या लोकांना ही खोड जास्त असते, असं माझं निरीक्षण आहे. मुलांच्या वह्यांमध्ये दर वर्षी दिसते. उर्दूच्या निबंधात दुःख आलं की फारसी शब्दांची वरात निघते, मराठीच्या निबंधात आलं की संस्कृत शब्दांची. आपली घरची बोली विनोदाला चालते, दुःखाला चालत नाही, असा एक न्यूनगंड त्यात असतो. खरं तर खालाने दुःख त्याच बोलीत केलं होतं. दुसरी बोली तिच्याकडे नव्हतीच.

खालाच्या त्या वाक्यानंतर मी कथा कपाटात टाकली आणि मंटोची ‘टोबा टेक सिंह’ पुन्हा काढली. बऱ्याच जणांनी ती वाचलेली असेल. फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारं ठरवतात की कैद्यांप्रमाणे वेड्यांचीही अदलाबदल करायची. लाहोरच्या पागलखान्यात ही बातमी पोहोचते. तिथून पुढे कितीतरी वेळ कथा सरळसरळ विनोदी आहे. एक वेडा झाडावर चढून बसतो आणि म्हणतो, मला ना हिंदुस्थानात राहायचंय ना पाकिस्तानात, मी या झाडावरच राहीन. एक जण स्वतःला जिन्ना समजतो, तर दुसरा मास्टर तारासिंग होतो आणि दोघांना वेगळं कोंडावं लागतं. युरोपियन वॉर्डातल्या दोन अँग्लो-इंडियन वेड्यांना काळजी पडते ती नाश्त्याला पाव मिळेल की चपाती याची. आणि शेवटी सरहद्दीवर, दोन्ही देशांच्या मधल्या जमिनीवर, बिशनसिंग तोंडावर पडतो.

ही कथा मी कितीदा शिकवली, पण वाचकाचं हसू नेमकं कुठे विरतं ते कधी शोधलं नव्हतं. या वेळी पेन्सिल घेऊन बसले. मला वाटत होतं की वळण शेवटच्या पानावर आहे. ते तिथे नाही. बिशनसिंगची ओळख इतर वेड्यांच्याच रांगेत, त्याच सुरात होते. तो निरर्थक शब्दांची एक लांबलचक माळ बडबडतो, ती हसू आणते. त्याच ओघात मंटो सांगतो की पंधरा वर्षांत हा माणूस रात्रंदिवस उभाच आहे, त्याचे पाय सुजलेत. हे तो एखादी गंमत सांगावी तसंच सांगतो, थांबत नाही, हळहळत नाही. वाचकही थांबत नाही. पण पाय सुजलेत हे कुठेतरी आत नोंदलं जातं. पुढे कळतं की घरची माणसं महिन्यातून एकदा भेटायला यायची, आणि त्या दिवशी हा एरवी क्वचितच आंघोळ करणारा माणूस साबण लावून आंघोळ करायचा, तेल घालून केस विंचरायचा. त्याची एक मुलगी होती, रूप कौर. ती लहान असताना बापाला बघून रडायची, मोठी झाल्यावरही रडायची. फाळणी झाली आणि भेटी बंद झाल्या.

मग त्याच्या गावचा फजलदीन भेटायला येतो. हा प्रसंग मी वर्गात नेहमी घाईने पुढे ढकलत आले, शेवट गाठायचा म्हणून. वळण इथे आहे. फजलदीन सांगतो की तुझी सगळी माणसं खैरियतीने हिंदुस्थानात पोहोचली. तुझी मुलगी रूप कौर, असं म्हणतो आणि बोलता बोलता अडखळतो. मग म्हणतो, तीही ठीक आहे. त्यानंतर तो इकडचं तिकडचं बोलत राहतो, आणि त्यात मागे राहिलेल्या म्हशींची खबर आहे. एका म्हशीला रेडा झाला, दुसरीची रेडी सहा दिवसांची होऊन मेली.

जनावराच्या पिलाची मौत तो दिवसांच्या हिशोबासकट सांगतो आणि मुलीपाशी अडखळतो. मंटो यावर एक अक्षर जास्तीचं लिहीत नाही. फजलदीन काही आणलेलं खाणं हातात देतो, बिशनसिंग ते शेजारच्या शिपायाकडे देऊन टाकतो आणि आपला तोच प्रश्न विचारतो, टोबा टेक सिंह कुठे आहे. गोंधळलेला फजलदीन आधी हिंदुस्थान म्हणतो, मग नाही नाही म्हणत पाकिस्तान. इथे हसू येतंही आणि येत नाहीही. सूर विनोदाचाच आहे, वाक्यांची लांबी तीच आहे, बडबडही तीच आहे. बदललंय एवढंच की आता आपल्याला त्या बडबडीमागचं घर माहीत झालंय.

शेवटच्या पानावर तो उभा राहतो तेव्हा ते पंधरा वर्षांचं उभं राहणं आधीपासून आपल्याकडे असतं. ज्या विक्षिप्तपणावर आपण हसलो, तोच शेवटी उभा असतो. मंटोने दुःखासाठी नवीन सामान आणलेलं नाही.

हे दिसल्यावर मग इतर ठिकाणीही दिसू लागलं. प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मध्ये हमीदचा चिमटा आणि बाकीच्या पोरांची खेळणी यांचं भांडण म्हणजे निव्वळ धमाल. पण हमीदचे आईबाप मेलेत आणि दादी त्याला अब्बा कमवायला गेलेत, अम्मी अल्लामियाँच्या घरी चांगल्या चांगल्या वस्तू आणायला गेलीय असं सांगते, हे कथेच्या सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं. तवा लागून दादीची बोटं भाजतात, हे चिमटा घ्यायच्या वेळी येतं. तोच चिमटा शेवटी दादीच्या हातात पडतो. पु. लं.चा अंतू बर्वाही पाहा, त्याच्या जिभेचा तिरकसपणा शेवटपर्यंत सुटत नाही. दुःख झालं म्हणून माणूस सरळ बोलायला लागला तर तो अंतू राहणारच नाही.

कथा कपाटातून काढली ती पुढच्या शाबानमध्ये. आता माझ्यासमोर प्रश्न सोपा होता. खालूंची कुठली गंमत अशी आहे, जी हसवण्यासाठी ठेवली तरी पुढे तीच रडवेल? हवालदारांची चोरी छान होती, पण ती हवालदारांची होती. टेलरमास्तरांचा जोडाही तसाच. अशा सगळ्या हाका मिळून वातावरण होत होतं, वजन होत नव्हतं. वजन फक्त शेवटच्या दारात होतं, तीन हाकांमध्ये. पहिल्या खर्ड्यात मी त्या तीन हाका नवव्या की दहाव्या गमतीसारख्या एका ओळीत उरकल्या होत्या.

आणि एक मोठी गोष्ट मी पहिल्या खर्ड्यात गाळलीच होती. नवाब सौदीला गेला त्यानंतरचा, तो जिवंत असतानाचा रमजान. गाळायचं कारण, तो मला पुरेसा विनोदीही वाटला नव्हता आणि पुरेसा दुःखदही. त्या वर्षी खालू रोज आपल्या दारात येऊन रिकाम्या खोलीला तिन्ही हाका मारायचे आणि तिसरीनंतर स्वतःच नवाबच्या आवाजात उत्तर द्यायचे, “उठ गया अब्बा, डब्बा रखो अब.” मोहल्ला पोट धरून हसायचा. खाला आतून ओरडायची, “उधर सौदी तक आवाज जाती क्या?” खालू म्हणायचे, “डब्बा तेल का है, तेल के मुल्क तक जाता.”

ही मधली पायरी. आता कथेत एकच गोष्ट तीनदा घडत होती. पहिल्यांदा नवाब घरात आहे आणि तिसऱ्या हाकेला उत्तर येतं, ते निव्वळ हसू. दुसऱ्यांदा नवाब दूर आहे, उत्तर बाप स्वतः देतो. हे पहिल्यापेक्षा जास्त हसवतं, पण हसताना कुठेतरी टाच लागते. तिसऱ्यांदा काय घडतं ते वाचकाला मी सांगायची गरज उरत नाही, तो त्या दारापर्यंत माझ्याआधी पोहोचलेला असतो. विनोदाकडून दुःखाकडे वाचकाला एकदम उडी मारायला लावली की तो धडपडतो. मध्ये असा एक प्रसंग हवा, जिथे दोन्ही एकाच वाक्यात नांदतात आणि कुणीच कुणाला हाकलत नाही. तो मिळत नसेल तर बहुधा आपण तो गाळलेला असतो, मी गाळला तसा.

मधला रमजान आला तशी आधीची पानं बारीक करावी लागली. कंडक्टरांची ‘टिंग टिंग’ ठेवली, हवालदार ठेवले, चार गमती काढल्या. त्यातली एक माझी फार लाडकी होती, बोकडाची. पण ती शुद्ध धिंगाणा होती. तिच्यात खालू चिखलात पडतात, लुंगी सुटते, बोकड टोपी खातो. इतका फार्स झाला की वाचक त्या माणसाला बाहुलं समजायला लागतो, आणि बाहुल्याला पुढे काही झालं तरी दुखत नाही. हसू माणसाच्या स्वभावातून आलेलं असेल तरच त्याच माणसाचं दुःख खरं वाटतं. खालू दाराप्रमाणे हाक बदलतात, म्हणजे प्रत्येक घराची त्यांना खबर आहे. ती गंमत पुढे कामाला आली. बोकड नाही आला.

सगळ्यात जास्त अडले ते खबर कशी द्यायची इथे. खालाकडून मला एक गोष्ट माहीत होती. परदेशात मौत झाली आणि दफन तिथेच करायचं असेल तर घरच्यांचं संमतिपत्र लागतं. तो कागद तयार होऊन आला, त्याच्या प्रती आल्या, पानापानावर सह्या करायच्या होत्या. खालू सह्या करत होते. अर्ध्यावर मान वर करून वकिलांना म्हणाले, “इतने दस्तखत तो निकाह में भी नहीं किए थे.” वकिलांना हसावं की काय करावं ते कळेना.

पहिल्या खर्ड्यात मी हे बेअदबी वाटून टाकलं होतं. वाटलं होतं, मेलेल्या मुलाच्या कागदावर बाप विनोद करतो, लोक काय म्हणतील? आता मला तेच वाक्य कथेचा कणा वाटू लागलं. तो माणूस तसाच बोलायचा, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने बोलणं त्याला येत नव्हतं. मग मी जास्त शहाणपणा केला. ठरवलं की मौतीची खबर आधी द्यायचीच नाही. तेल के मुल्कवाला विनोद, लगेच सह्यांचा प्रसंग, निकाहचा विनोद, वाचक हसतो, आणि मग कागदावरची ओळ दिसते की मुलाचे दफन तेथेच करण्यास आमची हरकत नाही. मला ते फार जबर वाटलं.

स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंना वाचून दाखवलं. त्या निकाहच्या वाक्याला मोठ्याने हसल्या आणि पुढच्या ओळीला त्यांचा चेहरा उतरला, पण दुःखाने नाही, रागाने. म्हणाल्या, “मला हसवलंस आणि मग थोबाडीत मारलीस. मी काय पाप केलं होतं हसून?” त्यांचं बरोबर होतं. माझा वाचक खालूंवर हसला नव्हता, मी त्याला फसवून हसवलं होतं. अशा वेळी वाचकाचं लक्ष माणसावरून उठतं आणि लिहिणारीच्या चलाखीवर जातं. पुढचं पान तो सावधपणे वाचतो, आता हिने कुठे खड्डा खणलाय म्हणून.

उपाय अगदी लहान निघाला. नवाबचा फोन दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर किराणा दुकानात यायचा, हे मी मधल्या रमजानमध्येच एका ओळीत घातलं. दुकानदार आरोळी द्यायचा आणि खालू हातातली ट्यूब तशीच टाकून पळायचे, गिऱ्हाईक पंपाला लोंबकळत राहायचं. तीही गंमतच. मग सह्यांच्या आधी एक वाक्य, की त्या मंगळवारी दुकानातून आरोळी आली तेव्हा खालू पळाले नाहीत, चालत गेले. बस. मौतीचा शब्द नाही. पण शुक्रवारचा फोन मंगळवारी येतो तेव्हा वाचक अर्धा समजतो. त्यानंतर सह्यांचा प्रसंग आला की निकाहच्या वाक्यावर तो मोठ्याने हसत नाही. हसू येतं ते खालूंसाठी येतं, त्यांना ते बोलावं लागलं म्हणून. अंदाज मात्र अर्धाच हवा. मंगळवारच्या वाक्यापुढे मी एका खर्ड्यात ‘त्यांच्या पायातले त्राण गेले होते’ असंही जोडलं होतं. ते काढलं, कारण त्याने अंदाजाची बातमी झाली, आणि पुढचा विनोद मग खरोखर बेअदब वाटू लागला.

शेवटचा रमजान मी सुरुवातीसारखाच लिहिला. दारं तीच, क्रम तोच. टेलरमास्तर, गुरुजी, हवालदार. हवालदारांनी “कहाँ?” विचारायच्या आधीच ते उठून दारात उभे होते, एवढा एक फरक. कोपऱ्यावर टिंग टिंग झालं. मग स्वतःचं दार. पहिली हाक डब्यासकट. दुसरी अदबीने. मग ते थोडा वेळ उभे राहिले आणि डबा ओट्यावर ठेवला.

तिसरी हाक मारली नाही, असं मी लिहिलेलं नाही. आधी लिहिलं होतं. वर्गात वाचताना खोडलं.

हो, नववीच्या वर्गात वाचली. मुलांसारखे श्रोते नाहीत, त्यांना सभ्यतेखातर गप्प बसता येत नाही. मी पुस्तकाआड कागद धरून वाचत होते आणि पेन्सिलीने खुणा करत होते, कुठे हसू, कुठे चुळबुळ. हवालदारांना अख्खा वर्ग हसला. तेलाच्या मुल्काला मुलं हसली, मुली कमी हसल्या. दोन-तिघींचे अब्बा किंवा भाऊ बाहेरच्या मुलखात आहेत, ते माझ्या नंतर लक्षात आलं. मंगळवारच्या वाक्याला चुळबुळ थांबली. निकाहच्या वाक्याला मागच्या बाकावरून एकच हसू फुटलं आणि अर्ध्यात थांबलं. मला आधी वाटलं, इथे फसलं. पण मग वाटलं, त्या पोराने जे केलं तेच तर वकिलांनी केलं होतं.

डबा ओट्यावर ठेवला, हे वाचून मी पुढची ओळ वाचणार तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, “टीचर, तिसरी?” मी कागद मिटला.

गेल्या बासी ईदला मी पुन्हा खालाकडे वाचली. गोतावळा तोच, वाट्या त्याच. हसले सगळे, आधीपेक्षा कमी मोठ्याने, पण जास्त वेळ. निकाहच्या दस्तखतीला खाला स्वतः हसली, तोंडावर पदर घेऊन. शेवटाला कुणी डोळे टिपले की नाही, ते मी पाहिलं नाही, मी तिच्याकडे बघत होते. तिने पान जुळवलं, तोंडात ठेवलं, थोडा वेळ चघळत राहिली.

मग म्हणाली, “एक गलत है तेरा.”

मी विचारलं, काय.

“पंद्रा किलो का डब्बा लिखी. पंद्रा किलो का डब्बा गले में डाल के कौन फिरेगा? पाँच का था.” तिने पायाने पलंगाखालून डबा पुढे सरकवला. त्यात आता ती तांदूळ ठेवते. एका बाजूला पट्टीने पडलेला चेपा आहे, तिथला पत्रा घासून पांढरा झालाय.

मी पेन काढून पंधराचं पाच केलं.